अगरबत्ती, कॉइल आणि लेकराचा रात्रीचा खोकला

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा चार वर्षांचा आहे. थंडी सुरू झाली की रात्री फार खोकतो. सासूबाई सकाळ-संध्याकाळ अगरबत्ती लावतात आणि झोपताना आम्ही मच्छरची कॉइल लावतो. व्हॉट्सअॅपवर आलं होतं की एक कॉइल म्हणजे १०० सिगारेटी. हे खरं आहे का? दोन्ही बंद करू का? मग डेंग्यू झाला तर काय करायचं?

उत्तर :

ताई, दोन्हींच्या धुराने घरातली हवा खराब होते. पण दोन्हींचा वाटा सारखा नाही. झोपायच्या खोलीतली कॉइल आजच बंद करा. अगरबत्तीची जागा आणि वेळ बदलली तरी बरंच काम होतं. डेंग्यूची काळजी रास्त आहे, पण रात्रभर जळणारी कॉइल डेंग्यूपासून फारसं वाचवत नाही. त्याचं कारण पुढे सांगतो.

आधी १०० सिगारेटींचं बघू, कारण त्या आकड्याने पालक एक तर घाबरतात, नाही तर थट्टेवारी नेतात. तो हवेतून आलेला नाही. २००३ साली चीन आणि मलेशियातल्या कॉइल जाळून झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून बाहेर पडणाऱ्या बारीक कणांचं वजन ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांएवढं निघालं. आपल्याकडे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननेही घरात जाळल्या जाणाऱ्या गोष्टींची मोजणी केली. दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत कॉइल लावल्यावर दर घनमीटर हवेत साधारण हजार मायक्रोग्रॅम बारीक कण सापडले. या कणांना पीएम २.५ म्हणतात. ते केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक असतात, त्यामुळे नाकात अडकत नाहीत आणि थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. आपल्या देशात बाहेरच्या हवेसाठी चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५.

तरीही ‘लेकराने १०० सिगारेटी ओढल्या’ असा त्याचा अर्थ होत नाही. तो आकडा खोलीत सुटलेल्या धुराचा आहे, छातीत गेलेल्या धुराचा नाही. छातीत किती गेला हे पाहायचं तर हिशेब असा. चार वर्षांचं मूल झोपेत तासाला साधारण पाव घनमीटर हवा आत घेतं, म्हणजे आठ तासांत दोन घनमीटर. हवेत हजार मायक्रोग्रॅम कण असतील तर रात्रीत दोन हजार मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन मिलिग्रॅम कण शरीरात गेले. सिगारेट ओढणाऱ्याच्या छातीत एका सिगारेटमागे साधारण दहा मिलिग्रॅम जातात. त्यामुळे बंद खोलीत कॉइलजवळ झोपलेल्या लेकराने वजनाच्या हिशेबाने एका सिगारेटचा पाचवा हिस्सा ओढला असं म्हणता येईल.

पाचवा हिस्सा ऐकून जीव भांड्यात पडला असेल, तर उरलेला हिशेबही बघा. रोज रात्री कॉइल असेल तर महिन्याला सहा सिगारेटी झाल्या, त्याही चार वर्षांच्या लेकराच्या. याच वयाचं मूल दिवसभरात साधारण दहा घनमीटर हवा घेतं. बाहेरची हवा आपल्या देशाच्या मर्यादेवर, म्हणजे ६० वर असली तर अख्ख्या दिवसात त्याच्या छातीत सहाशे मायक्रोग्रॅम जातील. कॉइलच्या एका रात्रीत तीन दिवसांहून जास्त दिवसांची मर्यादा संपते. दिल्लीच्या हवेच्या बातम्या आपण रोज ऐकतो. पण चोपड्याच्या नाही तर शिरपूरच्या एखाद्या स्वच्छ वस्तीतल्या घरात, आपल्या हाताने काडी लावून, आपण तशीच हवा पलंगाखाली तयार करतो.

आता अगरबत्ती. बांबूच्या काडीवर कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि जिगट नावाची चिकट सालपूड लावून सुगंधात बुडवलेली असते. ग्रॅममागे धूर पाहिला तर अगरबत्ती साधी नाही. एका ग्रॅमला साधारण ४५ मिलिग्रॅम कण निघतात असं अभ्यासात आढळलं आहे, आणि सिगारेटच्या एका ग्रॅमला साधारण दहा. वास गोड आहे, ‘नैसर्गिक’ लिहिलं आहे किंवा गाईच्या शेणाची धूपकांडी आहे म्हणून धूर कमी होत नाही. जे जळतं त्याचा धूर होतोच. धूपकांडी जाड असते आणि तिच्यात माल जास्त असतो, त्यामुळे धूर बहुधा अगरबत्तीहून जास्तच होतो.

फरक पडतो तो किती माल, किती वेळ आणि किती बंद खोलीत जळतो यामुळे. एका अगरबत्तीत जळणारा माल साधारण एक ग्रॅम असतो आणि ती अर्ध्या-पाऊण तासात संपते. कॉइल बारा ग्रॅमच्या आसपास असते आणि सात-आठ तास जळते. अगरबत्ती देवघरात असते, मूल तिथून पळत जातं. कॉइल झोपलेल्या मुलाच्या डोक्यापासून दोन हातांवर असते, आणि मूल आठ तास तिथून हलत नाही.

तुमच्या प्रश्नात ‘थंडी सुरू झाली की’ असं आहे, ते महत्त्वाचं आहे. आपल्या खान्देशात एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि घरोघरी कूलर घुंघुं करत असतो. कूलर बाहेरची हवा जोरात आत ढकलतो आणि समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते. खोलीतली हवा सारखी बदलत राहते, धूर टिकत नाही. किंवा माणसं सरळ गच्चीवर झोपतात. डिसेंबरात रात्री पारा दहाच्या खाली गेला की दारं लागतात, खिडकीच्या फटीत कापड कोंबलं जातं, पंखा बंद होतो. कॉइल तीच, पण हवा बदलत नाही म्हणून तिचा धूर कितीतरी पट साठतो. म्हणून ‘उन्हाळ्यात हीच कॉइल लावत होतो, तेव्हा काही झालं नाही’ या वाक्यावरून मी कॉइलला सोडून देत नाही.

एका मुलीची हकीकत सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. पाच वर्षांची, अमळनेर तालुक्यातली. रात्री दोन ते चारच्या दरम्यान खोकल्याची उबळ, दिवसा ठणठणीत. ताप नाही, वजन चांगलं, शाळेत धावते. तीनदा खोकल्याचं औषध आणि दोनदा अँटिबायोटिक घेऊन झालं होतं. घरात सगळ्यांचा राग आजीच्या अगरबत्तीवर. दहा दिवस अगरबत्ती बंद करून पाहिली, खोकला तसाच. आजी रुसल्या आणि तपासायला आल्या तेव्हा मलाच म्हणाल्या, “मनी अगरबत्तीनी तुमनं काय बिघाडं?”

त्यांचा मुद्दा बरोबर होता. मुलीच्या आईला मी फक्त एवढं विचारलं की कुठल्या रात्री पोरगी खोकली नाही. ती आठवून म्हणाली, दिवाळीत मामाच्या गावी होती तेव्हा आठ दिवस शांत झोपली. मामाकडे काय वेगळं? तिथे आजी-आजोबांची जुनी मच्छरदाणी होती. इकडे पलंगाखाली कॉइल. खोली दहा बाय बाराची, एकच खिडकी, तीही बंद. मामाकडेही सकाळ-संध्याकाळ अगरबत्ती लागत होतीच.

मी औषध बदललं नाही. सांगितलं ते इतकंच. चौदा दिवस घरात कॉइल नाही, अगरबत्ती तुळशीजवळ अंगणात, आजोबांची बिडी ओट्याच्या बाहेर, आणि मुलगी मच्छरदाणीत. कॅलेंडरवर रोज सकाळी लिहायचं : रात्री उठवणारा खोकला किती वेळा आला. पहिले तीन-चार दिवस फरक नव्हता, हे लक्षात ठेवा. चिडलेली श्वासनलिका एका रात्रीत शांत होत नाही. पहिल्या आठवड्याच्या शेवटी उबळ दोन-तीनवरून एकावर आली, दुसऱ्या आठवड्यात बऱ्याच रात्री कोऱ्या गेल्या. मग माझ्याच सांगण्यावरून अगरबत्ती देवघरात परत आली, फक्त खिडकी उघडी ठेवून. खोकला वाढला नाही. कॉइल परत लावून पाहायला मात्र मी सांगितलं नाही. सिद्ध करण्यापुरतं लेकराला खोकायला लावणं मला पटत नाही.

हा चौदा दिवसांचा प्रयोग तुम्हीही करा. तो फसतो कुठे, तेही सांगतो. बहुतेक वेळा कॉइल ‘बंद’ होते म्हणजे शेजारच्या खोलीत जाते आणि मधलं दार उघडं असतं. धूर दाराला विचारून येत नाही. काही घरांत चुलीवर पऱ्हाट्या जळतात आणि त्याच खोलीत मूल झोपतं. तिथे कॉइल बंद करून फरक दिसणारच नाही, कारण मोठा धूर दुसरीकडूनच येतोय. मधेच सर्दी झाली तर त्या दिवसांवर खूण करा आणि हिशेब पुढे ढकला, कारण सर्दीचा खोकला दोन आठवडेही चालतो. आणि चौदा दिवस खरोखर धूर नसताना खोकला जराही हलला नाही, तर कारण दुसरं आहे. बालदम्याची तपासणी करून घ्या, धुराच्या मागे लागून वेळ घालवू नका.

धूर साठतोय का हे घरच्या घरी कळतं. रात्री दिवा मालवून टॉर्चचा झोत खोलीत आडवा टाका. झोत पांढऱ्या दांड्यासारखा स्पष्ट दिसला तर हवेत कण भरपूर आहेत. सकाळी लेकराच्या केसांना आणि उशीच्या अभ्र्याला कॉइलचा वास येत असेल तर तेच त्याच्या छातीत गेलेलं आहे. आजकाल हवा मोजणारी छोटी यंत्रं ऑनलाइन मिळतात. त्यांच्या नेमक्या आकड्यावर विसंबू नका, दमट हवेत ती जास्त दाखवतात. पण एकाच खोलीत कॉइलची आणि बिनकॉइलची रात्र तुलनेला ठेवायला ती पुरतात.

बाजारात ‘बिनधुराची’ कॉइल मिळते. ती बहुधा कोळशाच्या पुडीची असते. दिसणारा धूर खरंच कमी असतो, पण कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो, आणि त्या वायूला रंगही नाही, वासही नाही. बंद खोलीत मी तिला सुधारणा म्हणणार नाही.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो मच्छर मारणाऱ्या अगरबत्तीचा. आठवडी बाजारात, किराणा दुकानात दहा-वीस रुपयांत मिळते, दिसायला देवाच्या अगरबत्तीसारखी, म्हणून घरच्यांना भीती वाटत नाही. कॉइल असो की लिक्विड, त्यातलं कीटकनाशक किती आणि कुठलं ते सरकारकडे नोंदवावं लागतं. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे पाकिटावर CIR ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. या अगरबत्त्यांपैकी बऱ्याच पाकिटांवर तो नसतो, म्हणजे आत काय आणि किती घातलं आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. डास पटापट पडतात म्हणून लोक खूश होतात. मी तर म्हणेन, डास जितके पटापट पडतात तितकी शंका घ्या. क्रमांक नसेल तर ते पाकीट घरात ठेवू नका.

प्लगमध्ये लावायच्या लिक्विडमध्ये जळण नाही, म्हणून कण फारसे नाहीत. धुराच्या बाबतीत ती कॉइलपेक्षा नक्की बरी. पण कीटकनाशकाची वाफ हवेत राहतेच, आणि दम्याच्या काही मुलांना तिनेही खोकला होतो. संध्याकाळी खोलीत कुणी नसताना तासभर लावा, झोपायच्या वेळी बंद करा आणि खिडकी थोडी उघडून हवा जाऊ द्या. रिफिलची बाटली लेकराच्या हाताला लागू देऊ नका. त्यात रॉकेलसारखं तेल असतं. चुकून पिलं तर उलटी करवू नका, कारण उलटीबरोबर ते तेल फुप्फुसात जातं आणि खरा धोका तिथेच आहे. बाटली हातात घेऊन सरळ दवाखाना गाठा.

आता डेंग्यू. डेंग्यूचा एडिस डास मुख्यतः दिवसा चावतो. सकाळी उजाडल्यावर दोन-तीन तास आणि दिवस मावळण्याआधी त्याचा जोर असतो. रात्री अकराला लावलेली कॉइल त्या वेळी राख झालेली असते. त्याची खरी जागा आपल्या घरातच आहे. आपल्याकडे बहुतेक गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून टाक्या, ड्रम, रांजण भरून ठेवावेच लागतात. त्यात उन्हाळा संपल्यावर कोपऱ्यात ढकललेला कूलर, ज्याच्या टाकीत तळाला चार बोटं पाणी राहतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायची असते. नुसतं पाणी ओतून चालत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पाणी भरलं की फुटतात. घासणीने कडा खसाखसा घासा. रिकामी करता न येणारी टाकी दाट कापडाने बांधून टाका.

रात्रीच्या डासांना, आणि सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे मलेरियाला, मच्छरदाणीपेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही. तिच्या कडा गादीखाली नीट खोचा. लेकराचा हात जाळीला टेकून राहिला तर डास बाहेरून चावतो, म्हणून ती मोठी घ्या. तान्ह्या बाळाला छत्रीची जाळी पुरते. खिडकीला जाळी असेल तर तिन्हीसांजेला दीड-दोन तास दारं ओढून घ्या आणि पंखा चालू ठेवा, वाऱ्यात डासाला नीट उडता येत नाही. कॉइल लावायचीच असेल तर ओट्यावर, मोठी माणसं गप्पा मारत बसतात तिथे, आणि धूर घरात शिरणार नाही अशा बाजूला.

सासूबाईंशी भांडू नका. अगरबत्ती एकच, जुडगा नाही. ती लागली की देवघराची खिडकी उघडी, लेकरू दुसऱ्या खोलीत किंवा अंगणात, आणि विझल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आत. श्रावणात कानबाईच्या रोटांच्या रात्री घर भरलेलं असतं, धूप-अगरबत्तीही भरपूर असते. त्या रात्री दम्याचं लेकरू मधल्या खोलीत नको, ओट्यावर बसवा. निरांजनाचा धूर अगरबत्तीच्या मानाने फार कमी, ते चालू राहू द्या.

एक गोष्ट मात्र मी सासूबाईंना तोंडावर सांगतो. घरात बाळंतीण असेल तर शेगडीत शेपा-ओवा टाकून बाळाला देतात ती धुरी बंद. महिन्याभराच्या बाळाची श्वासनलिका काडीएवढी असते आणि त्याला तोंड फिरवता येत नाही. बाळंतिणीला शेकायचं असेल तर गरम पाण्याची पिशवी द्या, बंद खोलीत कोळशाची शेगडी नको.

तुमच्या मुलाला चौदा दिवस थांबायचं की आजच दाखवायचं, हे श्वास मोजून ठरवा. तो शांत झोपलेला असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त असतील, तर प्रयोग नको, त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना फासळ्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसत असतील किंवा पाणीसुद्धा पीत नसेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच निघा. यातलं काही नसेल आणि फक्त रात्रीची उबळ असेल, तर आज कॉइल विझवा, मच्छरदाणी लावा आणि कॅलेंडरवर खुणा सुरू करा. दोन आठवड्यांनी ते कॅलेंडर तपासायला येताना बरोबर आणा.